गयाबाईंचा बिब्बा आणि वैष्णवीच्या बरण्या

मागच्या वेळी आपण बचत गटाच्या हिशेबाच्या वहीबद्दल बोललो होतो. आज मुगाबद्दल बोलायचं आहे. खरं तर मुगातल्या किड्याबद्दल, आणि तो जावा म्हणून आपण डब्यात काय काय टाकतो त्याबद्दल.

आमचा गट लातूर जिल्ह्यातला. आमच्याकडे मूग ऑगस्टच्या शेवटी निघतो. तेव्हा घरात पैशाची ओढ असते, म्हणून बाया मिळेल त्या भावाला मूग घालून मोकळ्या होतात. आम्ही गटात ठरवलं, की थोडा मूग गटानेच सभासदांकडून घ्यायचा, साठवायचा आणि संक्रांतीच्या सुमाराला विकायचा. पहिल्या वर्षी तीन क्विंटल घेतला. जानेवारीत पोती उघडली, तर हात घातला तिथे भुंगे. मूग मुठीत घेतला तर पोकळ लागायचा आणि दाण्याला टाचणीने पाडावं तसं गोल भोक. व्यापाऱ्याने एक नजर टाकली आणि निम्मा भाव सांगितला. बँकेचं व्याज मात्र पूर्ण भरावं लागलं. त्या बैठकीत कोण कुणाला काय बोललं, ते इथे सांगत नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा मूग घ्यायचा म्हटल्यावर प्रत्येकीने आपापला उपाय सांगितला. कुणी म्हणालं कडुलिंबाचा पाला घाला. कुणी म्हणालं लाल मिरच्या आणि लवंगा. आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर सभासद गयाबाई म्हणाल्या, "बिब्बे टाका चार. माझ्या सासूबाईंनी टाकले, मी टाकते, काही होत नाही." त्यांची नात वैष्णवी नववीत आहे. बैठकीला आजीला सोडायला म्हणून आली होती. ती म्हणाली, "आजी, पण मागच्या वर्षी आपल्या डब्यातपण टोके झालेच होते ना?" गयाबाई म्हणाल्या, "ते डब्याचं झाकण नीट नव्हतं म्हणून."

त्या एका वाक्यावरून पुढचं सगळं घडलं. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. वैष्णवीने ठरवलं, आजीचा प्रत्येक उपाय वेगवेगळ्या बरणीत करून बघायचा.

तिने लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या गोळा केल्या, धुतल्या, उन्हात वाळवल्या. प्रत्येकीत पाव किलो नवा मूग घातला, सगळा एकाच पोत्यातला. जुन्या किडक्या मुगातून जिवंत भुंगे वेचून प्रत्येक बरणीत वीस-वीस सोडले. तोंडाला मलमलचं फडकं बांधलं, म्हणजे हवा आत जाईल पण भुंगा बाहेर येणार नाही. एका बरणीत कडुलिंबाचा पाला, एकीत दोन बिब्बे, एकीत मिरच्या नि लवंगा, एकीत मूठभर राख, एकीत एरंडेल तेल चोळलेला मूग, एकीत अंगणात ऊन दिलेला मूग. आणि दोन बरण्यांत काहीच नाही. त्यातल्या एकीत भुंगे सोडले होते, दुसरीत तेही नाहीत, नुसता नवा मूग.

गयाबाई हसल्या. "काहीच घालायचं नाही तर बरणी भरायलीस कशाला?" पण मैत्रिणींनो, ती काहीच न घातलेली बरणीच सगळ्यात महत्त्वाची असते. पाला घातलेल्या बरणीत दहा दाणे किडले, तर ते कमी की जास्त हे कशावरून कळणार? काहीच न घालता किती किडतात हे माहीत असेल तरच.

पस्तीस दिवसांनी मोजणी झाली. वैष्णवीने प्रत्येक बरणीतला मूग परातीत ओतून हलवून घेतला, डोळे मिटून शंभर दाणे उचलले आणि त्यांत भोकाचे किती ते मोजलं. उपाय न केलेल्या बरणीत शंभरात नऊ दाणे किडलेले निघाले. बिब्ब्याच्या बरणीतही नऊ. मिरची-लवंगेच्या बरणीत आठ. राखेत सात, ऊन दिलेल्यात आठ. पाल्याच्या बरणीत दहा, आणि वर कुबट वास. तेलाच्या बरणीत फक्त एक.

पण सगळ्यांना धक्का दिला तो शेवटच्या बरणीने, जिच्यात उपायही नव्हता आणि भुंगाही सोडला नव्हता. फडकं तसंच घट्ट बांधलेलं, गाठ सुटलेली नाही, आणि आत चार भुंगे फिरत होते.

हे भुंगे आले कुठून? याचं उत्तर कळलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं, म्हणून इथे जरा थांबू या.

तांदळात, ज्वारीत जो लांब सोंडेचा किडा होतो तो वेगळा. मूग, चवळी, मटकी, तूर, हरभरा यांत होतो तो हा भुंगा. आखूड, तपकिरी, पाठ मागून जरा कापल्यासारखी. हा भुंगा डब्यात येऊन मूग खात नाही. मोठा झालेला भुंगा साठवलेल्या दाण्याला तोंडच लावत नाही. एक-दोन आठवडे जगतो आणि तेवढ्यात मादी अंडी घालते, एकेक करून, पन्नासच्या वर, कधी शंभरापर्यंत. अंडं ती दाण्याच्या सालीवर डिंकाने चिकटवावं तसं चिकटवते. अंड्यातली अळी बाहेर येत नाही. अंड्याच्या तळातूनच ती साल कोरून थेट दाण्यात शिरते, आतला गर खाते, आतच कोष होतो. गरम दिवसांत तीन-चार आठवड्यांत आतल्या आत भुंगा तयार होतो आणि साल गोल कापून बाहेर पडतो. आपल्याला दिसतं ते भोक म्हणजे आत येण्याचं दार नाही, बाहेर पडण्याचं दार आहे. भोक दिसलं तेव्हा तो दाणा खाऊन झालेला असतो आणि नवा भुंगा दुसऱ्या दाण्यावर अंडी घालायला निघालेला असतो.

आणि ही अंडी घालायची सुरुवात शेतातच होते. शेंगा वाळायला लागल्या की भुंगे उडत शेतात जातात, अनेकदा आपल्याच घरातल्या जुन्या किडक्या पोत्यातून. म्हणजे खळ्यावरून आणलेला स्वच्छ दिसणारा मूग आपण डब्यात भरतो, तेव्हा त्यातल्या काही दाण्यांत अळी आधीच बसलेली असते. झाकण कितीही घट्ट लावा, चोर आत ठेवूनच कुलूप लावल्यासारखं.

आता मिरची, लवंग, बिब्बा यांचा विचार करा. वासाने बाहेरचा किडा दूर राहील, अशी आपली समजूत. थोडा राहतही असेल. पण दाण्याच्या आत बसलेल्या अळीला त्या वासाचं काय? आणि पोत्याच्या मधोमध बाहेर पडलेल्या भुंग्याच्या चारी बाजूंना मूगच मूग असतो. तो बिब्ब्याला घाबरून जाणार कुठे? बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की माणसाच्या कातडीला फोड येतात, म्हणून तो किड्यालाही लागत असेल असं आपण धरून चाललो. पण अख्खा बिब्बा सालीच्या आत तेल धरून बसतो. तो मुगाला लागत नाही, हे एका अर्थी बरंच आहे.

हे सगळं वैष्णवीने आमच्या ऑक्टोबरच्या बैठकीत बरण्या मांडून सांगितलं. त्याच आठवड्यात आमच्या गटाच्या नव्या मुगात दोन-चार भुंगे दिसले होते. यंदा दोन क्विंटलच घेतला होता आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. एका ताईने तर गोळ्या आणायचं ठरवून टाकलं होतं, धान्याच्या पोत्यात ठेवतात त्या विषारी गॅसच्या. मूग ठेवला होता एका सभासदाच्या घरी आणि त्याच भिंतीच्या पलीकडे तिची लेकरं झोपायची.

मैत्रिणींनो, हे स्पष्टच सांगतो. त्या गोळ्या राहत्या घरात वापरण्यासाठी नाहीतच. हवेतल्या ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो, तो फटीतून पलीकडच्या खोलीत जातो आणि झोपेतल्या माणसाला उठायची संधी देत नाही. त्या वापरायच्या त्या गोदामात, परवाना आणि शिक्षण असलेल्या माणसांनी. दुकानदार चिठ्ठीत बांधून देतो म्हणून ती घरगुती वस्तू होत नाही.

गोळ्या नकोत हे ठरलं. पण मग काय, हे ठरेना. तेल चालतं हे दिसलं होतं, पण तेल लावलेला मूग व्यापारी घेईल का? आणि इकडे गयाबाई रागावून बसल्या होत्या. नातीने चारचौघांत आजीचे उपाय खोटे पाडले असं त्यांना वाटलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एकदम म्हणाल्या, "तुझ्या बरण्या खोट्या आहेत."

आम्हाला वाटलं, आता भांडण. पण त्यांनी एकेक करून सांगितलं आणि ऐकता ऐकता वैष्णवीने वही उघडली.

पाला घातलास तो झाडावरून तोडून तसाच. ओला पाला धान्यात घालतात का कुणी? सावलीत आठ दिवस वाळवायचा, हातात चुरा झाला पाहिजे. ओल्याने मुगाला दमट केलं, म्हणून वास आला.

राख घातलीस मूठभर. राख म्हणजे मीठ आहे का चवीपुरतं घालायला? आमच्या वेळी बियाण्याचे मूग राखेत पुरायचे. मूग दिसता कामा नये.

आणि ऊन. "ऊन दिलं आणि मग तूच हाताने वीस किडे आत सोडलेस. ऊन काय डब्यात राखणीला बसतंय? ऊन आत आहे ते मारतं. मागून येईल त्याला ऊन काय करणार?"

हा शेवटचा मुद्दा ऐकून आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. कारण तो अगदी बरोबर होता. वैष्णवीने सगळ्या बरण्यांत उपाय केल्यानंतर भुंगे सोडले होते. खऱ्या घरात होतं उलटं, कीड आधी आत असते आणि उपाय मागून होतो.

मग आम्ही विचारलं, "गयाबाई, तुम्ही ऊन कसं द्यायचात?" तर म्हणाल्या, घोंगडीवर. काळी घोंगडी अंथरायची, तिच्यावर मूग पातळ पसरायचा, भर दुपारी. फरशीवर नाही, साडीवर नाही. "सासूबाई घोंगडीच म्हणायच्या. का ते नाही सांगितलं, आणि विचारायची सोय नव्हती."

वैष्णवीने शाळेतून प्रयोगशाळेचा तापमापक मागून आणला. (आपला तापाचा चालत नाही, तो उन्हात ठेवला तर फुटेल.) ऑक्टोबरचं कडक ऊन होतं. दुपारी साडेबाराला सिमेंटच्या अंगणात पसरलेल्या मुगात तापमापक खुपसला, तर ४४ अंश. शेजारीच घोंगडीवर पसरलेल्या मुगात ४९. काळा रंग ऊन पितो आणि खालची लोकर ती ऊब जमिनीत जाऊ देत नाही. सासूबाईंचं म्हणणं खरं होतं. पण एवढ्यानेही काम पुरतं होत नव्हतं. दाण्यातली अळी खात्रीने मरायला मूग ५५ अंशांच्या पुढे जावा लागतो आणि तिथे तासभर टिकावा लागतो. पंचेचाळीसला काय होतं? मोठे भुंगे ऊन सोसवत नाही म्हणून भराभर पळून जातात. आपण म्हणतो, गेले एकदाचे. आतली अळी आपली निवांत. पंधरा दिवसांनी पुन्हा भुंगे, आणि आपण म्हणतो झाकण नीट नव्हतं.

तर घोंगडीवरच्या मुगावर वैष्णवीने पारदर्शक प्लास्टिकचा कागद पसरला, कडेने विटा ठेवल्या. ऊन आत येतं, पण वारा लागत नाही आणि ऊब बाहेर जात नाही. दीड तासाने बघितलं तर ६१ अंश. हात लावला तर चटका बसला. पुढचा एक तास तसाच ठेवला.

गयाबाईंना काळजी बियाण्याची. एवढं तापल्यावर मूग उगवेल का? ही शंका रास्तच होती. ओल्या दाण्याला एवढी उष्णता दिली तर तो मरेल, पण नीट वाळलेला दाणा ती सोसतो. वाळलाय की नाही हे बघायला गयाबाईंची रीत चांगली आहे. दाणा दातांखाली धरायचा. कट्कन फुटला तर वाळला, दबला किंवा चिकटला तर अजून दोन दिवस साधं ऊन द्यायचं. वैष्णवीने तापवलेले पन्नास दाणे आणि न तापवलेले पन्नास दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. तापवलेल्यातले ४६ मोडले, न तापवलेल्यातले ४७. एका दाण्याच्या फरकाला फरक म्हणत नाहीत.

त्याच आठवड्यात आम्ही गटाचा मूग तापवला. दहा फूट लांब, सहा फूट रुंद जागा. घोंगड्या चार घरांतून आणल्या. ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांनी खाली कडबा पसरून त्यावर काळा प्लास्टिक कागद टाकला, तेही चाललं. एका वेळी पन्नास किलो, बोटभर जाडीचा थर, त्याहून जाड नाही. अकरा वाजता झाकायचं, दोनच्या पुढे उघडायचं, मध्ये ढग आला तर तेवढा वेळ वाढवायचा. चार दिवसांत दोन क्विंटल झाला. उघडल्यावर गरम मूग लगेच पोत्यात भरायचा नाही, हे मात्र लक्षात ठेवा. गरम दाणा बंद झाला की आत घाम सुटतो आणि ती ओल बुरशीला निमंत्रण. सावलीत आणून चादरीखाली झाकून गार करायचा. झाकून अशासाठी, की गार होईपर्यंत दुसरा भुंगा येऊन बसू नये. भरायला पोती नवी घेतली. जुनी वापरणार असाल तर उकळत्या पाण्यातून काढून वाळवून घ्या, कारण शिवणीत भुंगे दडून बसतात. पोत्याच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी, तोंड पिळून दोरीने घट्ट बांधलेलं. तापवल्यावर घट्ट झाकणाला अर्थ येतो, कारण आता आत कुणी नाही, फक्त बाहेरच्याला अडवायचं आहे.

इकडे वैष्णवीने बरण्यांची दुसरी फेरी लावली, आजी सांगेल तशी. आधी सगळ्या मुगात आठवडाभर भुंगे सोडले, अंडी घालू दिली, मग चाळून भुंगे काढून टाकले आणि त्यानंतर उपाय केले. पाला वाळलेला. राख गोवरीची, चाळलेली, चार वाट्या मुगाला तीन वाट्या, आणि वर बोटभर थर. तेल पूर्वीचंच. ऊन घोंगडीवर, कागदाखाली. आणि गयाबाईंचा आग्रह म्हणून पुन्हा बिब्बा.

नोव्हेंबरच्या शेवटी मोजलं. थंडी पडायला लागल्यामुळे किड्याची वाढ यावेळी मंद झाली होती, म्हणूनच तर याही फेरीत काहीच न घातलेली बरणी ठेवली होती. तिच्यात शंभरात ३१ दाणे किडलेले. बिब्ब्यात २९. वाळल्या पाल्यात २४, म्हणजे पाल्याने थोडं काम केलं, पण मूग वाचला असं कुणी म्हणणार नाही. राखेत सात आणि तेलात सहा. कागदाखाली तापवलेल्यात एकही नाही.

तेल आणि राख यांच्या आकड्यांचा अर्थ गमतीचा आहे. ते सहा-सात दाणे किडले ते आधीच आत बसलेल्या अळ्यांमुळे. तेलाने किंवा राखेने त्या सगळ्या मरत नाहीत. त्या भुंगे होऊन बाहेर आल्या, पण पुढची पिढी झाली नाही. राखेत भुंग्याला हलता येत नाही, जोडीदार सापडत नाही, बारीक राखेने अंगावरचा मेणासारखा थर खरवडला जातो आणि तो वाळून मरतो. तेलाचं काम वेगळं. अंड्यावर तेलाचा पापुद्रा बसला की आतल्या जिवाला हवा मिळत नाही. हे डोळ्यांनी दिसतं. वैष्णवीने आजीचा चष्मा घेऊन मूग काळ्या कापडावर ठेवून दाखवला. अळी दाण्यात शिरली की रिकाम्या अंड्यात ती मागे पीठ भरत जाते, म्हणून ते अंडं दुधी पांढरं दिसतं, टाचणीच्या टोकाएवढं. तेलाच्या बरणीतली नवी अंडी काचेसारखी पारदर्शक होती. म्हणजे अंडी घातली गेली, पण आत कुणी गेलं नाही.

हा पांढरा ठिपका ओळखायला शिका. भोक पडायच्या तीन आठवडे आधी तो आपल्याला सांगतो. आम्ही आता दर महिन्याला प्रत्येक पोत्यातून एक मूठ काढून बघतो.

तेलाचं प्रमाण म्हणाल, तर किलोला चहाचे एक ते दोन चमचे, त्याहून जास्त नाही. थोडं थोडं घालून हाताने चोळायचं, प्रत्येक दाणा चकाकला पाहिजे. कोरडा राहिलेला दाणा म्हणजे किड्यासाठी सोडलेली जागा. एरंडेल यासाठी बरं, की ते लवकर खवट होत नाही. शेंगदाण्याचं तेलही हेच काम करतं, पण काही महिन्यांनी वास मारतं. शिजवण्याआधी गरम पाण्याने दोनदा धुतलं की झालं. तेलाचा परिणाम कायमचा नसतो, पावसाळ्याआधी पुन्हा बघावं लागतं. आम्ही आता असं ठेवलंय: विकायचा मूग नुसता तापवून पिशवीत, घरी खायचा तापवून वर तेल, आणि बियाण्याचा तापवून राखेत. राखेत प्लास्टिक किंवा रंगीत कागद जाळलेला नसावा आणि ती पूर्ण गार असावी, एवढंच.

संक्रांतीला पोती उघडली. तीन पोती चांगली निघाली. ऑक्टोबरमध्ये होती तेवढीच, शंभरात एक-दोन भोकं, नवीन काही नाही. चौथ्या पोत्यात मात्र जिवंत भुंगे सापडले. त्यावरून थोडी बोलाबोली झाली. मग आठवलं, की त्या दिवशी वारा होता, कागदाच्या एका बाजूच्या विटा सरकल्या होत्या आणि ती कडा उघडी राहिली होती. कडेचा मूग मधल्याएवढा तापत नाही, उघडा राहिला तर नाहीच. तेव्हापासून आम्ही निम्म्या वेळेला कागद उचलून कडेचा मूग मध्ये ओढतो आणि पुन्हा झाकून आणखी तासभर ठेवतो. ते चौथं पोतं आम्ही चाळून, निवडून, भरडून डाळ केली. व्यापारी तोच होता. यंदा त्याने मूठ भरून घेतली, फुंकर मारली आणि भाव कापायचा विषय काढला नाही.

वैष्णवीच्या बरण्या शाळेच्या प्रदर्शनात गेल्या. तक्त्यावर तिने 'मार्गदर्शक' म्हणून आजीचं नाव लिहिलं. गयाबाईंनी ते कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "घोंगडीचं लिहिलंय ना?" लिहिलं होतं.

त्यांच्या घरच्या डब्यात अजून दोन बिब्बे आहेत. वैष्णवी काढत नाही. मूग तापवून, तेल चोळून डब्यात भरते आणि वर आजी बिब्बे ठेवते. आता दोघींचा वाद तांदळाच्या सोंड्यावर चालू आहे आणि बरण्या पुन्हा धुऊन वाळत घातल्या आहेत.